बाजार 'सुधारला' की उतरला? शेअर बाजाराच्या रोजच्या बातमीसाठी आम्ही ठरवलेले शब्द

शेअर बाजार शिखरावरून दहा टक्के खाली आला, की इंग्रजी बातमीत त्याला 'करेक्शन' म्हणतात. मराठीत लिहिताना शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, की त्याची 'सुधारणा' होते आणि मथळा तयार होतो: 'बाजारात मोठी सुधारणा'. आता मराठी माणसाच्या कानाला सुधारणा म्हणजे काय? पेशंटच्या तब्येतीत सुधारणा, म्हणजे तो बरा होतोय. रस्त्याची सुधारणा, म्हणजे खड्डे बुजले. मथळा वाचणाऱ्याला वाटतं बाजार वर गेला आणि तिकडे त्याच्या पैशाचा दहावा हिस्सा कमी झालेला असतो.

आपल्या घरांमध्ये आता शेअर बाजार परका राहिलेला नाही. कुणी हजसाठी, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा थोडे पैसे शरिया तत्त्वांवर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकतं. त्यातले बरेच जण इंग्रजी सारांश वाचत नाहीत, मराठी वाचतात. हप्ता चालू ठेवायचा, थांबवायचा की पैसे काढून घ्यायचे, हे त्या मराठी शब्दांवरून ठरतं. म्हणून रोजचा सारांश मराठीत आणताना कोणत्या गोष्टीला कोणता शब्द वापरायचा हे आम्ही पक्कं केलं आहे. तो शब्द का निवडला आणि तो वाचताना काय समजायचं, ते इथे सांगतो.

निर्देशांक: बाजार नव्हे, बाजाराचं माप

इंडेक्सला 'निर्देशांक' हा शब्द मराठीत रुळलेला आहे, तो बदलायचं कारण नाही. उर्दू अखबार वाचणाऱ्या आपल्या बुजुर्गांना 'इशारिया' माहीत असेल. दोन्हींचा भाव एकच, दाखवणारा आकडा.

पण तो काय दाखवतो हे स्पष्ट हवं. सेन्सेक्स ३० मोठ्या कंपन्यांचा, निफ्टी ५० कंपन्यांचा. १९७८-७९ या वर्षाची पातळी १०० धरून सेन्सेक्स मोजला जातो. म्हणजे सेन्सेक्स ७२,००० असेल तर त्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचं मूल्य तेव्हापासून साधारण ७२० पट झालं, इतकाच त्याचा अर्थ. 'सेन्सेक्स ७२,००० रुपयांवर' असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे, कारण हा आकडा रुपयांचा नाही.

मग ७२,००० काय? इंग्रजीत 'पॉइंट' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत कुठे 'अंश' दिसतं, कुठे 'अंक'. आम्ही 'अंक' घेतला. अंश म्हटलं की तापमान किंवा अपूर्णांक डोळ्यांसमोर येतो.

याहून महत्त्वाचा नियम असा, की अंकांसोबत टक्के दिल्याशिवाय आम्ही बातमी देत नाही. कारण एकाच उदाहरणात कळेल. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, तो ४,३८९ अंकांनी पडला. नुसते अंक पाहिले तर दुसरी पडझड मोठी वाटते. टक्के पाहा: पहिली १३.१५ टक्के, दुसरी ५.७४ टक्के. मधल्या चार वर्षांत सेन्सेक्सच इतका वर गेला होता, की तेवढेच अंक आता हलके झाले. खिशात शंभर असताना दहा हरवणं आणि हजार असताना दहा हरवणं, तसाच हा फरक.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 'निफ्टी ५० शरिया' हा निर्देशांक निफ्टीतल्याच पन्नास कंपन्या गाळून तयार होतो. व्याजावर चालणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्या, दारू, तंबाखू वगैरे धंदे बाहेर पडतात. ज्यांच्या डोक्यावर व्याजी कर्ज फार आहे त्याही गळतात. मूळ निफ्टीत बँका आणि वित्त कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास असतं. म्हणजे एखाद्या दिवशी 'बँकांच्या जोरावर निफ्टी वाढला' अशी बातमी असेल आणि तुमचा शरिया फंड जागच्या जागी असेल, तर त्यात फंडाची लबाडी नाही. जे वाढलं ते तुमच्या फंडात नव्हतंच. आम्ही म्हणून 'बाजार वाढला' असं मोघम न लिहिता कोणता निर्देशांक वाढला ते लिहितो.

उसळी, चढण, तेजी: तीन वेगळ्या गोष्टी

रॅलीला मराठीत सर्रास 'तेजी' लिहितात. तेजी हा शब्द फारसीतून आलेला, मराठीत आणि उर्दूतही घरचाच. अडचण इतकीच, की एका दिवसाची वाढ झाली तरी तेजी, दोन आठवडे बाजार चढत राहिला तरी तेजी आणि दोन वर्षं चांगली गेली तरी तेजीच. वाचणाऱ्याला काळ किती ते कळत नाही आणि गुंतवणुकीत खरा प्रश्न काळाचाच असतो.

म्हणून आम्ही मुदतीप्रमाणे तीन शब्द वेगळे केले.

एका दिवसाची मोठी वाढ म्हणजे 'उसळी'. आधी तळ गाठून मग काही दिवस किंवा आठवडे बाजार एकाच दिशेने वर जात राहिला, तर ती 'चढण'. रॅलीसाठी हा शब्द. महिनोन्‌महिने टिकणारी मोठी वाढ असेल तरच 'तेजी'.

रॅली नेमकी किती टक्क्यांपासून धरायची याला सगळ्यांनी मानलेलं माप नाही. म्हणून आमच्यापुरतं आम्ही ठरवलं: अलीकडच्या तळापासून बंद भावात किमान ५ टक्के वाढ आणि तीही एकाहून जास्त दिवसांत मिळून, तरच चढण. तेजीला मात्र बाजारात रूढ माप आहे, तळापासून २० टक्के. तेच आम्ही पाळतो.

खालच्या दिशेनेही याच तीन पायऱ्या. एका दिवसाची मोठी पडझड म्हणजे 'आपटी', काही आठवड्यांची 'उतरण' आणि शिखरापासून २० टक्के किंवा जास्त खाली गेलं तर 'मंदी'.

'मंदी' शब्दाला एक खाच आहे. मराठीत कारखाने बंद पडणं, नोकऱ्या जाणं, देशाचं उत्पन्न आटणं यालाही आपण मंदीच म्हणतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत. शेअर पडले म्हणून देशात मंदी आलीच असं नसतं आणि धंदा थंडावला म्हणून शेअर पडतीलच असंही नाही. म्हणून आम्ही एकटा 'मंदी' शब्द कधीच टाकत नाही. 'शेअर बाजारातली मंदी' किंवा 'अर्थव्यवस्थेतली मंदी' असं पूर्ण लिहितो. थोडं लांब होतं, पण दुकान चालवणाऱ्या माणसाने उगाच घाबरून माल भरणं थांबवू नये.

करेक्शन म्हणजे 'उतरण'

आता मूळ अडलेल्या शब्दाकडे. 'सुधारणा' का नको, ते वर सांगितलं. 'दुरुस्ती' हा दुसरा पर्याय काही ठिकाणी दिसतो. त्यात निदान बाजार वाढल्याचा गैरसमज होत नाही, पण दुसरा होतो: आधीचे भाव चुकीचे होते, आता बरोबर झाले. इंग्रजी शब्दातही हाच सूर दडलेला आहे. भाव खरंच चुकीचे होते की नाही, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. बातमीने ते ठरवूही नये.

'घसरण' हा शब्द चांगला आहे, पण तो कुठल्याही उताराला लागतो, अर्ध्या टक्क्यालाही. करेक्शनला बाजारात ठरलेली हद्द आहे: अलीकडच्या शिखरापासून १० टक्के किंवा जास्त, पण २० टक्क्यांहून कमी. एवढ्या नेमक्या गोष्टीला स्वतःचा शब्द हवा. 'गाडी उतरणीला लागली' हे आपण रोज बोलतो. म्हणून आम्ही 'उतरण' घेतला. पहिल्यांदा येईल तेव्हा 'उतरण, म्हणजे करेक्शन' असं लिहितो, कारण टीव्हीवर आणि दलालाच्या ऑफिसात लोक करेक्शनच ऐकतात.

उतरण म्हटलं की दोन गोष्टी सोबत आल्याच पाहिजेत: कुठल्या शिखरापासून आणि किती टक्के. एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टी २६,२१६ अंकांवर बंद झाला. हे त्या वेळचं शिखर. त्याचे दहा टक्के म्हणजे सुमारे २,६२२. तेवढे वजा केले की २३,५९४ येतात. ही उतरणीची रेघ. वीस टक्के वजा केले की २०,९७३. ही शेअर बाजारातल्या मंदीची रेघ. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवले, की पुढचे सहा महिने बातमी लिहायला आणि वाचायलाही सोपी जाते.

ऑक्टोबरभर निफ्टी खाली येत होता, तरी आमच्या मापाने ती नुसती घसरण. १३ नोव्हेंबरला तो २३,५५९ वर बंद झाला, शिखरापासून १०.१ टक्के खाली. त्या दिवशी रेघ ओलांडली आणि 'उतरण' हा शब्द लागू झाला.

२१ नोव्हेंबरला निफ्टी २३,३५० वर होता. तिथून ५ डिसेंबरला तो २४,७०८ वर पोहोचला. ही ५.८ टक्क्यांची वाढ, दोन आठवड्यांची. आमच्या मापात ती चढण. या जागी 'बाजारात पुन्हा तेजी' असं लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने समजलं असतं की वाईट काळ संपला. संपला नव्हता. निफ्टी पुन्हा खाली वळला आणि ४ मार्च २०२५ रोजी २२,०८३ वर बंद झाला. शिखरापासून १५.८ टक्के खाली. उतरणीच्या आत चढण येऊ शकते, जशी घाट उतरताना मध्येच एखादी चढाची वाट लागते. शब्द वेगळे असले तर वाचकाला हे दिसतं. दोन्हींना तेजी-मंदी म्हटलं की दिसत नाही.

आणि ४ मार्चलाही ती 'मंदी' नव्हती. २०,९७३ ची रेघ बरीच खाली होती. हा नुसता शब्दांचा कीस नाही. उतरण लागली म्हणजे ती मंदीपर्यंत जाणारच, असं शब्दात कुठेही लिहिलेलं नाही. उतरण हा झालेल्या गोष्टीचा हिशेब आहे, पुढचं भाकीत नाही.

हिशेबातली एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. १० टक्के खाली आलेला निर्देशांक १० टक्के वर गेला तरी जुन्या जागी पोहोचत नाही. १०० चे ९० झाले. ९० चे दहा टक्के ९ च होतात, म्हणजे ९९. मागच्या जागी यायला ११ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ लागते आणि २० टक्के पडल्यावर २५ टक्के. म्हणून 'जेवढं पडलं तेवढं वसूल' असं आम्ही टक्क्यांवरून लिहीत नाही. जुनी पातळी खरंच गाठली असेल तरच लिहितो.

व्होलॅटिलिटी म्हणजे 'चढउतार'

चौथा शब्द व्होलॅटिलिटी. याला मराठीत 'अस्थिरता' चालतं आणि ते अगदी चूक नाही. पण आपल्या कानाला अस्थिरता म्हटलं की सरकार डळमळतंय, गावात तणाव आहे, असं काहीतरी वाटतं. म्हणजे फक्त वाईटच. व्होलॅटिलिटीत दिशा नसते. बाजार एका दिवशी तीन टक्के वर गेला, दुसऱ्या दिवशी सहा टक्के खाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन टक्के वर, तर ती फार मोठी व्होलॅटिलिटी. रोज पाव-पाव टक्का पडत राहिला, तर नुकसान होईल, पण व्होलॅटिलिटी कमीच.

म्हणून 'चढउतार'. चढण आणि उतरण या दोन शब्दांशी त्याचं नातंही सरळ दिसतं. प्रमाण सांगायचं असेल तर 'चढउताराची तीव्रता'.

ही तीव्रता मोजणारा आकडा म्हणजे इंडिया व्हिक्स. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज तो काढतं. पुढच्या तीस दिवसांत निफ्टी किती हलेल, याचा बाजारातल्या लोकांनी लावलेला अंदाज त्यात असतो आणि तो निफ्टीवरच्या ऑप्शन सौद्यांच्या भावांवरून निघतो. ते सौदे आपण करावेत असं यात काही नाही. तापमापी वाचण्यासाठी ताप यावा लागत नाही.

व्हिक्स वाचायची रीत अशी. आकडा वर्षाच्या टक्क्यांत असतो. महिन्याचा अंदाज हवा तर त्याला साधारण साडेतीनने भागायचं. व्हिक्स १४ असेल तर पुढच्या महिन्यात निफ्टी आहे तिथून वर किंवा खाली सुमारे ४ टक्क्यांच्या आत राहील, असं बाजाराला वाटतं. 'आतच राहील' अशी हमी नाही. तीनपैकी साधारण दोन वेळा राहील, एवढाच त्याचा दावा. मार्च २०२० मध्ये हाच आकडा ७० च्या वर गेला होता, म्हणजे महिन्यात वीस टक्के इकडे किंवा तिकडे.

काही जण व्हिक्सला 'भीतीचा निर्देशांक' म्हणतात. आम्ही म्हणत नाही. तो वाढला म्हणजे बाजार पडणार असं नसतं, हलणार, एवढंच.

तीन दिवसांवर हे शब्द लावून पाहू

जून २०२४ मधले लोकसभा निकालाच्या वेळचे तीन दिवस या शब्दांची चांगली परीक्षा घेतात. ३ जूनला मतदानोत्तर चाचण्यांमुळे निफ्टी ३.२५ टक्के वाढला. ४ जूनला निकाल आला आणि तो ५.९३ टक्के पडला. ५ जूनला ३.३६ टक्के वाढला. ४ तारखेचा आमच्या पद्धतीचा सारांश असा होतो:

> लोकसभा निकालाच्या दिवशी शेअर बाजाराने मोठी आपटी खाल्ली. निफ्टी १,३७९ अंकांनी, म्हणजे ५.९३ टक्क्यांनी पडून २१,८८४ वर बंद झाला. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी, म्हणजे ५.७४ टक्क्यांनी पडून ७२,०७९ वर. आदल्या दिवशीची उसळी पूर्ण पुसली गेली. शिखरापासूनची घसरण १० टक्क्यांच्या आत असल्याने ही उतरण नाही. चढउताराची तीव्रता दाखवणारा इंडिया व्हिक्स सुमारे २१ वरून २७ च्या जवळ गेला. मुंबई शेअर बाजारातल्या सर्व कंपन्यांचं मिळून बाजारमूल्य सुमारे ३१ लाख कोटी रुपयांनी घटलं.

शेवटच्या वाक्यात 'घटलं' आहे, 'बुडाले' नाही. 'गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले' हा मथळा वाचून अम्मीला वाटतं की पैसे कुणीतरी घेऊन पळालं. शेअर तुमच्याकडेच आहेत, त्यांचा आजचा भाव कमी आहे. नुकसान पक्कं होतं ते त्या भावाला विकल्यावर. ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला, निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. ज्याने ४ तारखेला 'बुडाले' वाचून विकले, त्याचंच नुकसान खरं ठरलं. दर वेळी बाजार तीन दिवसांत सावरतो असं अजिबात नाही; २०२४-२५ ची उतरण पाच महिने चालली. पण कोणती वेळ कोणती आहे हे निदान शब्दांनी झाकू नये.

असाच एक शब्द 'नफेखोरी'. वाढलेल्या भावाला शेअर विकून फायदा पदरात पाडून घेणं यात काही गैर नाही, तरी बातमीत त्याला नफेखोरी म्हणतात. आपल्याकडे नफेखोरी म्हणजे अडलेल्या माणसाकडून दामदुप्पट उकळणं. जायज व्यवहाराला गुनाहाचं नाव द्यायचं नाही. आम्ही 'नफावसुली' लिहितो.

यापुढे रोजच्या सारांशात हे शब्द याच अर्थाने दिसतील. आकड्यासोबत टक्के असतील, 'कुठल्या पातळीपासून' ते असेल आणि कोणता निर्देशांक तेही असेल. 'उतरण' दिसली तर शिखराची तारीख शोधा, ती त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात दिलेली असेल. तुमच्या भागात, कोकणात, मराठवाड्यात किंवा खानदेशात, याहून सोपा आणि नेमका शब्द बोलला जात असेल तर आम्हाला जरूर कळवा. शब्द बदलायचा ठरला तर आधी सांगून बदलू, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरा असा घोळ होणार नाही.